आधी लंगोट बघ, मग पोटाला हात लाव

प्रिय मनू,

परवा तुझा फोन ठेवला आणि लक्षात आलं की फोनवर मी तुला अर्धंच सांगितलंय. हातांनी करायच्या गोष्टी बोलून नीट सांगता येत नाहीत. म्हणून सावकाश पत्र लिहिते आहे. तुझ्यासारख्या इतर नव्या आयांच्याही ते उपयोगी पडेल, तेव्हा कुणाला वाचायला द्यावंसं वाटलं तर जरूर दे. बालरुग्ण विभागात परिचारिका म्हणून काम करताना जे हातात बसलं तेवढंच इथे लिहिते.

तू सांगितलंस ते असं: बाळ आता सात महिन्यांचं झालं. महिन्यापूर्वी वरचं अन्न सुरू केलंस. तांदळाची पेज, रव्याची खीर आणि रोज अर्धं केळं. संध्याकाळी एक वेळ डब्याचं दूध, आणि पोट भरलेलं राहावं म्हणून त्यात पावडर जरा जास्त. आता शी तिसऱ्या-चौथ्या दिवशी होते. ती होते तेव्हा बाळ लाल होऊन कुंथतं, किंचाळतं आणि लंगोटात बकरीच्या लेंड्यांसारखे कडक खडे पडतात. एकदा खड्याच्या बाहेरून रक्ताची बारीक रेघ दिसली. डॉक्टरांनी तपासलं, पोट मऊ आहे, वजन छान वाढतंय, शीच्या जागी छोटीशी चीर पडली आहे असं सांगितलं, आणि पायांची सायकल नि पोटाची मालिश करायला सांगितली. तू मोबाइलवर व्हिडिओ बघून तसं केलंस, तर बाळ आणखी रडलं आणि दूध बाहेर आलं. म्हणून तुला वाटतंय की हे आपल्याला जमणारं नाही. जमेल. फक्त त्यातलं काय कशासाठी आहे ते आधी समजून घे.

सगळ्यात आधी लंगोट बघायचा. बाळाला बद्धकोष्ठ आहे की नाही हे किती दिवसांनी शी झाली यावरून ठरत नाही, शी कशी झाली यावरून ठरतं. फक्त अंगावर पिणारं बाळ दीड-दोन महिन्यांचं झालं की कधी कधी चार-पाच दिवस, एखादं तर आठवडाभरही शी करत नाही. मग एकदा भरपूर, पिवळी, मऊ शी करतं आणि हसत खेळायला लागतं. त्या बाळाला काहीही झालेलं नसतं, आईचं दूध जवळजवळ सगळं अंगी लागलेलं असतं. दुसरा प्रकार याहून फसवा. दोन-तीन महिन्यांचं बाळ दहा-पंधरा मिनिटं कुंथतं, रडतं, तोंड लाल करतं, आणि शेवटी शी होते ती अगदी मऊ. घरातल्या सगळ्यांना वाटतं, केवढं बद्धकोष्ठ झालंय! खरं तर त्या बाळाला पोटाने जोर लावताना खालचे स्नायू सैल सोडायचे, हा मेळ अजून साधलेला नसतो. काही आठवड्यांत तो आपोआप साधतो. त्याला औषध नको आणि खालून कशाने उकसवणं तर मुळीच नको.

तुझ्या बाळाचं मात्र खरंच बद्धकोष्ठ आहे, कारण शी कडक आहे, खडे होताहेत आणि चीर पडली आहे. इथे एक दुष्टचक्र सुरू होतं. खडा बाहेर येताना दुखतं, दुखतं म्हणून बाळ शी आली की आत धरून ठेवतं, आत राहिलेल्या शीतलं पाणी मोठं आतडं शोषत राहतं, आणि पुढचा खडा आणखी कडक होतो. हे समजलं की मालिशीकडून काय अपेक्षा ठेवायची तेही कळतं. पाय हलवल्याने आणि पोट चोळल्याने गॅस सुटतो, आतड्याची स्वतःची हालचाल जागी होते, बाळ सैलावतं आणि जोर लावायला त्याला सोपं जातं. पण हातांनी कडक शी मऊ होत नाही. ती मऊ होते खाण्यातून आणि पाण्यातून. मालिशीवर झालेले अभ्यास थोडे आणि छोटे आहेत. ती हळुवार केली तर अपाय नाही आणि बऱ्याच बाळांना आराम पडतो, इतपत तिच्यावर विसंबावं. म्हणून खाण्यातला बदल आणि हातांचं काम दोन्ही एकाच दिवशी सुरू कर.

आता पोटाचा नकाशा. बाळ तुझ्यासमोर उताणं आहे, पाय तुझ्याकडे. मोठं आतडं सुरू होतं बाळाच्या उजव्या जांघेच्या वरच्या बाजूला, म्हणजे तुला दिसतं तसं खाली डावीकडे. तिथून ते सरळ वर बरगड्यांखाली जातं, मग आडवं बाळाच्या डाव्या कुशीकडे वळतं आणि तिथून खाली उतरून गुदाशयाला मिळतं. तू समोरून बघतेस तेव्हा हा सगळा मार्ग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जातो. म्हणून हात नेहमी त्याच दिशेने फिरवायचा. व्हिडिओ बघताना इथेच घोटाळा होतो. समोरच्या बाईची डावी-उजवी बाजू पडद्यावर उलटी दिसते आणि हात उलटा फिरतो. घोटाळा टाळायला एवढंच लक्षात ठेव: तुझ्या डाव्या हाताच्या बाजूने वर, मग आडवं, मग तुझ्या उजव्या हाताच्या बाजूने खाली.

वेळ निवडणं हे निम्मं काम आहे. परवा बाळाने दूध काढलं ते तू पाजल्या पाजल्या पाय पोटाशी नेलेस म्हणून. भरलेल्या पोटावर गुडघे दाबले की दूध वरच येणार. पाजल्यावर किंवा भरवल्यावर निदान पाऊण तास जाऊ दे. पण बाळ भुकेलं होईपर्यंतही थांबू नकोस, भुकेलं बाळ पोट ताणून रडतं आणि ताणलेल्या पोटावर मालिश होत नाही. दोन पाजण्यांच्या मधली वेळ, बाळ जागं आणि शांत असतानाची, सगळ्यात चांगली. त्यातही सकाळी उठल्यावर पाजून तासभर झाला की एकदा आणि संध्याकाळच्या अंघोळीनंतर एकदा, एवढं ठरवून टाक. मालिशीनंतर थोड्या वेळाने पुढचं पाजणं आलं की आणखी एक फायदा होतो. पोटात दूध गेल्यावर मोठं आतडं आपसूक हलायला लागतं, त्यामुळे बरीच बाळं पाजता पाजताच शी करतात. मालिशीने सैलावलेल्या पोटाला त्या हालचालीची जोड मिळते.

जमिनीवर सतरंजी, तिच्यावर जाड दुपटं आणि वर जुना लंगोट अंथर. पलंगाच्या कडेवर किंवा टेबलावर नको. सात महिन्यांचं बाळ क्षणात कूस बदलतं. खोलीत पंख्याचा वारा थेट अंगावर येऊ देऊ नकोस. अंगठ्या, बांगड्या काढ, नखं कापलेली असू देत, हात धुऊन एकमेकांवर चोळून कोमट कर. तेल हवं असेल तर खोबरेल तेलाचे चार-पाच थेंब पुरेत, फक्त हात घसरावा म्हणून. मोहरीचं तेल नको, ते नाजूक कातडीला झोंबतं. पहिल्यांदा लावत असशील तर आदल्या दिवशी पोटरीवर थेंबभर लावून लाली येते का ते बघ. बेंबीत, नाकात, कानात किंवा शीच्या जागी तेल घालायचं नाही. ज्या बाळाची नाळ अजून पडलेली नाही किंवा बेंबी ओली आहे, त्याच्या पोटाला मालिश करायचीच नाही. त्याचे फक्त पाय हलवावेत.

सुरुवात पायांनी कर, पोटाने नको. बाळाला पायांना हात लागलेला चटकन आवडतो, पोटाला लागलेला नाही. दोन्ही पोटऱ्या खालून तळहातात घे, अंगठा वर नडगीवर आणि बाकीची बोटं मागे. घोट्याला आवळून धरू नकोस. आधी दोन्ही पाय नुसते हलकेच हलव, बाळाचे पाय सैल झालेले तुला जाणवतील. मग उजवा गुडघा हळूच वाकवून पोटाकडे ने. सरळ छातीकडे ढकलायचा नाही, किंचित बाहेरच्या बाजूने, काखेच्या रोखाने जाऊ दे. बाळाची मांडी तशीच नैसर्गिकपणे उघडते. मांडी पोटाच्या बाजूला टेकली की क्षणभर थांब आणि तो पाय परत येऊ दे, त्याच वेळी डावा पाय वर जाऊ दे. झाली सायकल. एका पायाची एक फेरी व्हायला दोन-तीन सेकंद लागावेत. दोन्ही पायांच्या मिळून दहा-बारा फेऱ्या करायच्या, मग थांबायचं, बाळाशी बोलायचं आणि पुन्हा तेवढ्याच.

इथे दोन गोष्टी सांभाळ. पहिली म्हणजे वेग. व्हिडिओत पाय भराभर फिरवतात ते बघायला छान वाटतं, पण भराभर फिरवल्याने पोटावर मांडीचा दाब येतच नाही आणि खुब्याला झटके बसतात. दुसरी गोष्ट म्हणजे पाय सरळ करण्याचा हट्ट. परत येणारा पाय जेवढा आपसूक उलगडेल तेवढाच उलगडू दे. लहान बाळाचे खुबे मुळातच थोडे वाकलेले असतात. ते ओढून सरळ करणं, दोन्ही गुडघे जुळवून दाबणं किंवा पाय सरळ करून दुपट्यात घट्ट गुंडाळणं, यातलं काहीच खुब्याला चांगलं नाही. बाळाच्या खुब्यात दोष आहे असं सांगितलेलं असेल, त्यासाठी पट्टा लावलेला असेल किंवा एक मांडी दुसरीसारखी उघडत नसेल, तर हाडांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सायकल करायची नाही. लस टोचलेल्या दिवशी मांडी दुखते, त्या दिवशीही पायांना सुट्टी.

सायकलीनंतर दोन्ही गुडघे एकदमच पोटाशी ने. थोडे बाहेर उघडलेले, जणू बाळ उकिडवं बसलंय पण पाठीवर. हळूच पाच आकडे मोज आणि सैल सोड. असं पाच-सहा वेळा. तुझ्या बाळासाठी याच हालचालीचा उपयोग सगळ्यात जास्त आहे, आणि का ते सांगते. तुझ्या बाळाचा खडा अडकलाय तो अगदी शेवटी, गुदाशयात. ती जागा ओटीपोटाच्या हाडांच्या आत आहे, पोटावरून हात कितीही फिरवला तरी तिथवर पोचत नाही. पण गुडघे वर आले की गुदाशय आणि गुदद्वार यांच्यामधलं वळण सरळ होतं आणि शी बाहेर यायला वाट सोपी होते. आपली माणसं उकिडवं बसून शौचाला जात आली ती याचसाठी सोयीची पद्धत आहे. बाळ कुंथायला लागलेलं दिसलं की लगेच त्याला या स्थितीत आण आणि तसंच राहू दे. या वेळी गॅस सुटेल, कधी शी होईल, म्हणून खाली जुना लंगोट.

आता पोट. तळहात बेंबीच्या वर नुसता ठेव आणि बाळाचे चार-पाच श्वास होईपर्यंत हलवू नकोस. पोट हाताखाली मऊ पडलं की सुरू कर. दाब किती, हे तू विचारलं होतंस. बोटांबरोबर पोटाची कातडी किंचित सरकेल आणि बोटाखाली हलकासा खळगा पडेल, इतकाच. बोटांची टोकं वापरायची नाहीत, बोटांची सपाट बाजू वापरायची. बरगड्यांवर, त्यांच्या मधल्या टोकदार हाडावर आणि अगदी खाली, मूत्राशयाच्या जागेवर दाब द्यायचा नाही.

पहिला हात असा: तुझ्या उजवीकडे, बाळाच्या डाव्या बरगडीच्या खालून सरळ खाली जांघेच्या वरपर्यंत. एकच उतरती रेघ, सहा वेळा. दुसरा हात: तुझ्या डावीकडून बरगड्यांखालून आडवा उजवीकडे, आणि मग त्याच उतरत्या रेघेने खाली. हाही सहा वेळा. तिसरा हात: तुझ्या डावीकडे खालून सुरू करून वर, मग आडवा, मग उजवीकडून खाली, म्हणजे आतड्याचा सगळा मार्ग. तोही सहा वेळा. इंग्रजीत याला ‘आय लव्ह यू’ मालिश म्हणतात, कारण या तीन रेघा आय, उलटा एल आणि उलटा यू या अक्षरांसारख्या दिसतात. शेवटी बेंबीभोवती तळहाताने मोठी गोल फेरी, घड्याळाच्या दिशेने, आठ-दहा वेळा.

खालची रेघ आधी आणि सगळा मार्ग शेवटी, हा क्रम का? आपल्या मळ्यातला पाट तुंबला की बाबा मागून पाणी सोडत नसत. आधी शेवटाकडची माती मोकळी करत आणि मग वरचं दार उघडत. इथेही शेवटचा भाग आधी सैल करून मग मागचा भाग घ्यायचा. पण हात शी ढकलत नेतात असं समजू नकोस, नाहीतर आपसूक जोर वाढतो. हात फक्त आतड्याला हलायला सुचवतात, हलतं ते स्वतः.

पायांपासून पोटापर्यंत सगळं मिळून आठ-दहा मिनिटं. दिवसातून दोनदा, फार तर तीनदा. याहून जास्त करून जास्त गुण येत नाही. आणि ते कधी थांबवायचं हे बाळच सांगेल. हात लावल्यावर पोट कडक झालं, पाठीची कमान केली, चेहरा वळवला, रडं वाढत गेलं, की त्या क्षणी थांब आणि उचलून घे. परवा बाळ रडत असतानाही तू ‘आता संपतच आलंय’ म्हणून पूर्ण केलंस. रडताना पोटाचे स्नायू ताठ होतात, तेव्हा हात वरच्यावरच फिरतो आणि बाळाच्या मनात मात्र पोटाला हात लागला की त्रास होतो अशी गाठ बसते. दोन मिनिटंच झाली तरी चालतील, संध्याकाळी पुन्हा बघ.

हे झालं हातांचं. आता खाणं, कारण खडे तिथेच तयार होताहेत. डब्याच्या दुधापासून सुरू कर. आधी मोजून पाणी घ्यायचं, मग डब्यावर लिहिल्याप्रमाणे त्याच डब्यातल्या चमच्याने, वरून सपाट करून पावडर घालायची. चमचा शिगोशीग भरायचा नाही आणि एक चमचा जास्तही नाही. दाट दुधाने पोट भरत नाही, शरीराला पाणी कमी पडतं आणि शी सुकते. गाईचं किंवा म्हशीचं दूध वर्षाच्या आत प्यायला देऊ नकोस. तुझं स्वतःचं दूध मात्र जितकं पाजता येईल तितकं पाज, ते चालू असलेल्या बाळांना बद्धकोष्ठ कमी होतं.

रवा, पांढरा तांदूळ आणि केळं हे तिन्ही रोज एकत्र आले की चोथा फार कमी जातो. ते बंद नको, पण रोज नकोत. आठवडाभर असं करून बघ: सकाळी पिकलेल्या पपईचे दोन-तीन चमचे कुस्करून, किंवा नाशपाती सोलून वाफवून घोटून. नाशपातीत सॉर्बिटॉल नावाची साखर असते. ती आतड्यात पाणी धरून ठेवते आणि शी मऊ होते. दुपारी मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, त्यात दुधी किंवा पालक शिजवून घोटलेला, वर थोडं तूप. नाचणी द्यायची तर पातळ कर. प्रत्येक खाण्यानंतर उकळून गार केलेलं पाणी वाटी-चमच्याने थोडं थोडं, दिवसभरात मिळून अर्धी ते पाऊण वाटी. हे पाणी सहा महिन्यांवरच्या बाळासाठी आहे. त्याआधी अंगावर पिणाऱ्या बाळाला पाण्याचा थेंबही लागत नाही. लोहाचं औषध चालू असेल तर शी काळपट दिसते. ते आपल्या मनाने बंद करू नकोस, डॉक्टरांना विचार.

घरातून आणि शेजारून सल्ले येतील, आणि ते मायेपोटीच येतील. सासूबाईंचा मान राखून, पण ठामपणे काही गोष्टींना नाही म्हण. विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाचा तुकडा शीच्या जागी लावायचा नाही. तिथे आधीच चीर आहे, ती वाढेल, शिवाय बाळाला उकसवल्याशिवाय शी न करण्याची सवय लागू शकते. एरंडेल पाजायचं नाही. हिंगाचं पाणी पोटाच्या कातडीवर लावण्याचा सासूबाईंचा आग्रह असेल तर थोडंसं लाव, बेंबीत भरू नकोस आणि पाजू तर नकोसच. त्याने बद्धकोष्ठ जाणार नाही, पण कातडी लाल झाली नाही तर अपायही नाही. गुटी नको, आणि मध तर वर्षाच्या आत चाटवायचाही नाही. मधात कधी कधी एका जंतूचे बीजाणू असतात. मोठ्यांना ते काही करत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात. त्या आजाराचं बहुतेक वेळा पहिलं लक्षण असतं बद्धकोष्ठच. मग चोखणं मंदावतं, रडणं क्षीण होतं, पापण्या जड होतात, मान आणि अंग लुळं पडतं. म्हणजे बद्धकोष्ठावर औषध म्हणून मध देणाऱ्या घरात हे ओळखायला उशीर होऊ शकतो.

न्हाऊ घालणाऱ्या बाईंनाही एकदा शांतपणे सांग. त्यांचा हात अनुभवी आहे, पण बाळाला पायांनी धरून उलटं करणं, हात-पाय उलटसुलट ओढणं आणि पोटात अंगठा रुतवणं त्यांनी करायचं नाही. बेंबी फुगलेली दिसली तर तिच्यावर नाणं बांधायचं नाही.

आता अपेक्षा. पहिल्या एक-दोन दिवसांत बहुधा गॅसच सुटेल, बाळ मालिशीनंतर शांत होईल, पण शी होणार नाही. निराश होऊ नकोस, आत साठलेले जुने खडे कडकच आहेत. पहिली शी झाली तर तीही सुरुवातीला कडक आणि मागे मऊ अशी येईल. मागचा भाग मऊ दिसला की खाण्याचा बदल लागू पडतोय असं समज. पुढच्या आठवड्यात शी घट्ट वरणासारखी आणि कुंथण्याशिवाय व्हायला लागली पाहिजे. वहीत रोज एवढंच लिही: शी झाली का, कशी होती, रडलं का, रक्त दिसलं का. आठवड्यानंतरही खडेच असतील किंवा बाळ पाय ताठ करून शी दाबून धरत असेल, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ते शी मऊ करणारं औषध वजनाप्रमाणे देतील आणि बहुधा काही आठवडे सलग द्यायला सांगतील. मधेच बरं वाटलं म्हणून ते सोडायचं नसतं, कारण चीर भरायला आणि दुखण्याची भीती जायला तेवढा वेळ लागतो. औषध लागलं म्हणजे तुझी मालिश चुकली असं नाही.

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं. काही वेळा पोटाला हात लावायचा नाही, सरळ दवाखान्यात जायचं. बाळ थांबून थांबून अचानक किंचाळतं, गुडघे पोटाशी ओढतं, पांढरंफटक पडतं, मग काही मिनिटं मलूल होऊन शांत होतं आणि पुन्हा तेच. हे गॅससारखं दिसतं, म्हणून लोक सायकल करत बसतात. पण तुझ्या बाळाच्या वयात, साधारण पाच ते दहा महिन्यांत, आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरण्याचा प्रकार असाच सुरू होतो. उलट्या होतात आणि पुढे लालसर, जेलीसारखी शी होते. जेलीसारखी शी दिसेपर्यंत थांबायचं नाही. हिरवी उलटी, फुगून टणक आणि तकतकीत झालेलं पोट, बद्धकोष्ठाबरोबर ताप, पिणं सोडणं, जांघेत आलेली घट्ट गाठ, खड्यावरच्या रेघेपेक्षा जास्त रक्त, यातलं काहीही दिसलं तर त्याच वेळी निघ, रात्र असली तरी. आणि कुठल्याही बाळाला जन्मानंतर पहिली काळी शी व्हायला दोन दिवसांहून जास्त लागले असतील, वजन वाढत नसेल, पायांत जोर कमी वाटत असेल किंवा कमरेच्या खाली मणक्यावर खळगा, केसांचा पुंजका दिसत असेल, तर ते बद्धकोष्ठ साधं समजू नये. त्याचं कारण डॉक्टरांनीच शोधायचं असतं.

उद्या सकाळी बाळ उठलं की पाज, तासभर त्याला खेळू दे आणि मग सतरंजी अंथर. पहिल्या दिवशी फक्त पाय आणि गुडघे पोटाशी. बाळाने ते आवडीने करून घेतलं तर परवापासून पोट. रविवारी फोन कर आणि वहीत काय लिहिलंस ते वाचून दाखव.

तुझी,
आत्या